फ्लॅट बर की कोनिकल बर: वेळ जुळवली, तरी कप का जुळत नाही?

अवंती_स (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४८ मिलिमीटरचा कोनिकल बर, म्हणजे दळणारा दातेरी शंकू, असलेला हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे. सध्या काही काळासाठी ६४ मिलिमीटरचे फ्लॅट बर, म्हणजे सपाट दातेरी तबकड्या, असलेला विजेवरचा ग्राइंडरही वापरायला मिळाला आहे, तेव्हा दोहोंची नीट तुलना करावी असे ठरवले. कॉफी एकच, हलकी भाजलेली, धुतलेल्या प्रक्रियेची इथिओपियन. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ९४ अंश तापमान, शंकूच्या आकाराचा ड्रिपर आणि कागदी फिल्टर. ओतण्याची पद्धतही तीच ठेवली.

दोन ग्राइंडरांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे मी ब्रूचा एकूण वेळ प्रमाण मानला आणि दोन्हीकडे पाणी बरोबर तीन मिनिटांत उतरेल अशी भरड लावली. दोन्ही कपांत २१८ ग्रॅम कॉफी उतरली. रिफ्रॅक्टोमीटरवर फ्लॅट बरच्या कपाचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, १.४२ टक्के आला; म्हणजे एक्स्ट्रॅक्शन, कोरड्या कॉफीपैकी पाण्यात उतरलेला भाग, सुमारे २०.६ टक्के. कोनिकलच्या कपाचा टीडीएस १.२८ टक्के आला, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन १८.६ टक्के.

चवीतला फरक तर आकड्यांहून मोठा आहे. फ्लॅटच्या कपात लिंबाची आंबट बाजू, फुलांचा गंध आणि शेवटची गोडी हे सारे एकापाठोपाठ वेगवेगळे कळते. कोनिकलचा कप मऊ आणि भरीव वाटतो. त्यातली फळे मात्र एकमेकांत मिसळून गेल्यासारखी आणि काहीशी दबलेली लागतात. वेळ, पाणी आणि कॉफी सारखी असताना हा फरक केवळ बरांच्या आकारामुळे पडतो का, आणि पडत असेल तर नेमका कोणत्या वाटेने पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गाळीव

अवंतीताई, याचे उत्तर फारसे अवघड नाही. फ्लॅट बर म्हणजे आपले जातेच. दाणे मध्यभागी पडतात, दोन तबकड्यांमधून सरकत कडेला येतात आणि ठरलेल्या फटीतून बाहेर पडतात, त्यामुळे सगळे कण एकाच मापाचे निघतात. कोनिकलमध्ये दाणे वरून खाली घसरत येतात, काही जास्त चिरडले जातात, काही निसटतात, आणि म्हणून मोठ्या कणांचा एक आणि अगदी बारीक पुडीचा एक असे दोन गट तयार होतात. ही बारीक पूड कपात उतरते, म्हणून कोनिकलची कॉफी भरीव लागते. फ्लॅटमध्ये ती पूड नसल्यामुळे कप स्वच्छ लागतो. शिवाय विजेवरचा ग्राइंडर वेगाने फिरत असल्यामुळे कॉफी तापते आणि गंध उडतो, हा तोटा मात्र फ्लॅटच्या पदरात टाकावा लागेल.

जुना_कारागीर

गाळीव, जात्याचा दाखला दाण्यांच्या वाटेपुरता योग्य आहे. पुढचे निष्कर्ष मात्र सुधारून घ्यावे लागतील. मी अनेक वर्षे ग्राइंडर उघडून दुरुस्त करत आलो आहे आणि दोन्ही जातींचे बर हाताळले आहेत, त्या आधारावर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे बारीक पूड न करणारा बर अस्तित्वात नाही. भाजलेली बी ठिसूळ असते आणि ती कापली जाण्यापेक्षा फुटते असे म्हणणे अधिक खरे आहे. प्रत्येक फुटीच्या जागी पेशींच्या भिंतींचे तुकडे सुटतात. या पेशी काही दशक मायक्रॉनांच्या असतात, त्यामुळे सुटणारे तुकडेही साधारण १०० मायक्रॉनांच्या आतच राहतात. तुम्ही भरड जाड करा किंवा बारीक करा, कणांच्या मापांच्या आलेखावर मोठ्या कणांचा उंचवटा इकडेतिकडे सरकतो, पण पुडीचा उंचवटा जवळपास आपल्या जागेवरच असतो. फक्त तो वाढतो किंवा बसतो. म्हणजे फ्लॅट बरच्या आलेखावरही उंचवटे दोनच दिसतात. फरक पडतो तो पुडीच्या प्रमाणात आणि मोठ्या कणांचा उंचवटा किती अरुंद आहे यात.

आता हा फरक का पडतो ते पाहू. फ्लॅट बरमध्ये मधल्या मोठ्या दातांवर बी फुटते, तुकडे फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जातात आणि शेवटी कडेच्या समांतर पट्टीतून जातात. फटीत मावण्याइतका तुकडा लहान झाला की तो लगेच बाहेर पडतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा फुटण्याची वेळ त्याच्यावर कमी येते. कोनिकलमध्ये तुकडा मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने आणि दातांच्या पिळाने खाली जातो. वरून माल येतच असतो, खालच्या पट्टीत गर्दी होते, तुकडे एकमेकांवर घासतात आणि जे आधीच पुरेसे लहान झाले होते तेही आणखी फुटतात. त्याच वेळी लांबट, चपटे तुकडे दातांच्या खाचांमधून उभे निसटून जातात. म्हणून पूडही जास्त आणि मोठ्या कणांची मापेही अधिक पसरलेली, असे चित्र कोनिकलमध्ये अनेकदा दिसते. 'अनेकदा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण दातांची रचना बदलली की हे चित्रही बदलते.

दुसरी गोष्ट, कागदी फिल्टरमध्ये ही पूड कपात उतरत नाही. तिचा फार मोठा भाग कागद आणि खुद्द कॉफीचा थरच अडवून ठेवतो. तेव्हा अवंतीताईंच्या कपातला भरीवपणा कणांमुळे आलेला नाही. पूड आपले काम थरात राहूनच करते, आणि ते काम दुहेरी आहे. ती स्वतः फार लवकर रिकामी होते आणि पाण्याची वाटही अडवते.

हे किती मोठे आहे ते एका ढोबळ हिशेबाने दाखवतो. १५ ग्रॅम दळणात १.५ ग्रॅम पूड आणि १३.५ ग्रॅम भरड आहे असे माना. पूड ५० मायक्रॉनांची, भरड ८०० मायक्रॉनांची आणि सगळे कण गोल समजा. भरडीच्या एका कणाच्या वजनात पुडीचे ४,०९६ कण बसतात. वजनाने पूड केवळ दहा टक्के, पण पाण्याला भेटणाऱ्या एकूण बाह्य पृष्ठभागापैकी सुमारे ६४ टक्के पृष्ठभाग तिच्याकडे जातो. खऱ्या दळणात मापे सलग पसरलेली असतात, त्यामुळे आकडे इतके टोकाचे नसतात. तरी पुडीत दोन-चार टक्क्यांचा फरक पडला की थराचे वागणे का बदलते, ते यावरून लक्षात यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अवंतीताईंनी वेळ जुळवली, आणि माझ्या मते फरकाचा मोठा भाग तिथेच निर्माण झाला. कोनिकलच्या दळणात पूड जास्त, म्हणून पाणी हळू उतरते. ते तीन मिनिटांत उतरावे म्हणून भरड जाड करावी लागली. पूड मात्र जवळपास तेवढीच राहिली. परिणाम असा की पुडीतून पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच बहुतेक सारे निघून गेले आणि जाड झालेल्या कणांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचलेच नाही. एकूण एक्स्ट्रॅक्शन १८.६ टक्के हा या दोन टोकांचा सरासरी आकडा आहे. फळे दबलेली लागण्याचे कारण मला यात दिसते.

तापण्याविषयी एवढेच सांगतो की एका कपाचे १५ ग्रॅम दळताना कॉफी फार तापत नाही. मात्र तापमानाचा फुटण्याशी संबंध आहे, हे खरे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिया द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत गार करून दळल्या होत्या. गार बियांचे दळण अधिक बारीक आणि मापाने अधिक एकसारखे निघाले.

निवांत_सकाळ

माझाही असाच त्रास आहे, म्हणून इथेच विचारतो. मी फ्रेंच प्रेसमध्ये गडद भाजलेली, कॅफिन काढलेली कॉफी करतो. ग्राइंडर कोनिकल आहे. कपाच्या तळाशी दरवेळी चिखलासारखा गाळ बसतो आणि शेवटचे घोट कडू लागतात. वरील चर्चेवरून मला असे समजले की फ्लॅट बर घेतल्यास गाळ बंद होईल. कोणता घ्यावा?

जुना_कारागीर

निवांत, तुमचा प्रश्न वेगळा आहे. वर मी जे कागदाबद्दल लिहिले ते तुमच्या जाळीला लागू पडत नाही; फ्रेंच प्रेसच्या धातूच्या जाळीतून पूड खुशाल खाली येते, आणि गाळीव म्हणतात तो कणांमुळे येणारा भरीवपणा तुमच्या कपात खरोखरच असतो. पण गाळाचे मुख्य कारण बी आहे. गडद भाजल्याने बी अधिक ठिसूळ होते, आणि कॅफिन काढण्याच्या प्रक्रियेतून गेलेली बी बहुधा त्याहून सहज चुरते. तीच बी फ्लॅट बरमध्ये घातली तरी गाळ येईल, थोडा कमी इतकेच.

आधी खर्च न करता एक करून पाहा. दांडा खाली दाबल्यानंतर लगेच ओतू नका. पाच मिनिटे तसेच राहू द्या आणि मग भांडे न हलवता हळू ओता. शेवटचा बोटभर भाग भांड्यातच सोडा. त्यानेही गाळ कमी झाला नाही, तर बर गुळगुळीत झाले आहेत का ते तपासावे लागेल. बोथट बर बी फोडण्याऐवजी चिरडतो आणि पूड वाढवतो.

चव_संशयी

जुना_कारागीर यांचे स्पष्टीकरण मला बरेचसे पटते, तरी दोन हरकती नोंदवतो.

पहिली हरकत 'फ्लॅट विरुद्ध कोनिकल' या मांडणीलाच आहे. फ्लॅट बरांमध्येच इतके प्रकार आहेत की त्यांना एका पंक्तीत बसवणे अवघड जाते. एस्प्रेसोसाठी घडवलेल्या ६४ मिलिमीटरच्या काही बरांमधून भरपूर पूड निघते आणि त्यांचा कप चांगला जाडसर लागतो. त्याच मापाच्या, त्याच ग्राइंडरमध्ये बसणाऱ्या दुसऱ्या बरांतून इतकी कमी पूड निघते की एस्प्रेसो धरणे मुश्कील होते. धातू, मोटर, वेग सगळे तेच; बदलतात ते दातांचे कोन, दातांची संख्या आणि कडेच्या पट्टीची रुंदी. जपानी ग्राइंडरांमध्ये 'घोस्ट' नावाचे बर येतात, त्यांची तबकडी फ्लॅट असते पण दातांच्या जागी उंचवटे असतात. त्यांना कुठल्या रांगेत उभे करणार? मला वाटते की 'फ्लॅट स्वच्छ, कोनिकल भरीव' हे वाक्य बाजारात अधिक रुळण्याचे कारण म्हणजे फिल्टरसाठी खास घडवलेले बर प्रामुख्याने फ्लॅट प्रकारात मिळत आले.

दुसरी हरकत चाखण्याच्या पद्धतीला आहे. अवंतीताई, कोणता कप कशाचा आहे हे आपल्याला चाखताना ठाऊक होते का? ठाऊक असेल, तर फ्लॅटचा कप स्वच्छच लागणार. इतकी वर्षे आपण तेच वाचत आलो आहोत. तीन कप घ्या, दोन एका ग्राइंडरचे आणि एक दुसऱ्याचा, आणि कुणा दुसऱ्याला त्यांची जागा बदलायला सांगा. वेगळा कप ओळखता आला तरच पुढचे बोलू. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतेच, त्यामुळे एकदाच ओळखून भागत नाही.

अवंती_स

सर्वांचे आभार. दोन्ही सूचना अमलात आणल्या, त्यांचा वृत्तांत देते.

आधी कोनिकलची भरड बारीक केली आणि वेळेकडे दुर्लक्ष केले. आता पाणी उतरायला ३ मिनिटे ३५ सेकंद लागले, कपात २१७ ग्रॅम कॉफी आली आणि टीडीएस १.३८ टक्के, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन जवळपास २० टक्के. चव पुष्कळ बदलली. लिंबाची बाजू वर आली, फळे ओळखू येऊ लागली. मात्र घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या भागावर किंचित कोरडेपणा राहतो, तो फ्लॅटच्या कपात नाही. दोन्ही कप आता एकमेकांच्या खूपच जवळ आले आहेत, हे मान्य करते.

मग घरच्यांना कप मांडायला लावून तीन कपांची परीक्षा घेतली. बऱ्याच फेऱ्यांमध्ये वेगळा कप ओळखता आला, पण सगळ्या फेऱ्यांमध्ये नाही. एक गोष्ट विशेष जाणवली. कप गरम असताना मी अधिक चुकत होते आणि तो कोमट झाल्यावर फरक ठळक होत होता. आणि ओळखण्याची खूण दरवेळी तो कोरडेपणाच होता. गंधावरून मला एकदाही खात्रीने सांगता आले नाही.

गाळीव

कागदातून पूड उतरत नाही हे मान्य. पण मग कोनिकलचा कप भरीव का लागतो, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. जुना_कारागीर यांनी कारण नाकारले, पण पर्यायी कारण दिले नाही.

जुना_कारागीर

प्रश्न रास्त आहे. मला जे वाटते ते सांगतो, त्याला सिद्ध झालेले मानू नका. पहिल्या तुलनेत कोनिकलच्या कपाचा टीडीएस कमी होता, तरी तो अवंतीताईंना भरीव वाटला. म्हणजे विरघळलेल्या पदार्थांच्या एकूण प्रमाणावरून भरीवपणा ठरलेला नाही. माझा तर्क असा की आंबट बाजू दबली की राहिलेली चव गोल आणि जड भासते. आणि पुडीतून शेवटपर्यंत निघत राहणारे तुरट, कडवट पदार्थ तोंडात टिकून राहतात, त्याला आपण भरीवपणा म्हणतो. दुसऱ्या तुलनेत आंबटपणा वर आल्यावर ताईंनी भरीवपणाचा उल्लेखच केला नाही, कोरडेपणाचा केला. हे माझ्या तर्काला धरून आहे. पण गाळून आलेल्या कॉफीत अतिसूक्ष्म कण आणि तेल किती उरते आणि ते जिभेला कसे जाणवते, यावर माझ्यापेक्षा अधिक जाणणारे कुणी असतील तर त्यांनी लिहावे.

दोन_घोट

तुम्ही सर्व फिल्टर कॉफीबद्दल लिहीत आहात. एस्प्रेसोच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण तिथे पुडीची भूमिका उलटी होते.

एस्प्रेसोत नऊ बारच्या आसपास दाब असतो आणि पाण्याला अडवायला पूडच लागते. माझ्या जुन्या कोनिकल ग्राइंडरवर १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २८ सेकंदांत सहज निघत असे, आणि भरड जरा इकडेतिकडे झाली तरी चव फारशी बिघडत नसे. कमी पूड करणारे फ्लॅट बर घेतल्यावर त्याच भरडीला एस्प्रेसो धो धो वाहू लागला. तो आवरण्यासाठी दळण बरेच बारीक करावे लागले. बारीक केल्यावर वेळ जुळली, पण आता थरात जरा कुठे भेग राहिली की तिथून पाणी फुटते. उघड्या तळाच्या फिल्टरमध्ये बारीक पिचकाऱ्या उडताना दिसतात आणि एस्प्रेसो एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच मोजून दाखवले होते. एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केले की पाणी थराच्या काही भागांतूनच वाहते आणि एक्स्ट्रॅक्शन वाढण्याऐवजी घटते.

मी शेवटी १८ ग्रॅममधून ४५ ते ५० ग्रॅम एस्प्रेसो काढू लागलो, दाब थोडा कमी ठेवला आणि वेळेचा आग्रह सोडला. कप पातळ झाला, पण हलक्या भाजणीच्या कॉफीची फळे त्यात जशी उलगडतात तशी कोनिकलवर कधी उलगडली नव्हती. दूध घालून प्यायची असेल तर मात्र मी आजही कोनिकलकडेच वळतो, कारण हा पातळ एस्प्रेसो दुधात हरवून जातो. २०१३ च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्गर यांनी ९८ मिलिमीटरचे फ्लॅट बर असलेला ईके४३ हा दुकानी दळणाचा ग्राइंडर एस्प्रेसोसाठी वापरला. तेव्हापासून या पातळ, स्पष्ट एस्प्रेसोची आवड पसरली, आणि आजची बरीच मते तिथून आलेली आहेत असे मला वाटते.

चव_संशयी

दोन_घोट यांच्या प्रतिसादावरून एक प्रश्न सुचला. फ्लॅट बर नीट समांतर बसलेले नसतील तर वरच्या साऱ्या चर्चेला अर्थ उरतो का? अवंतीताईंना वापरायला मिळालेला ग्राइंडर कोणत्या अवस्थेत आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.

जुना_कारागीर

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोनिकलमध्ये आतला शंकू दाण्यांच्या दाबामुळे काही प्रमाणात स्वतःहून मध्यभागी राहतो. फ्लॅटमध्ये तसे होत नाही. एक तबकडी जराशी तिरकी बसली तर एका बाजूची फट अरुंद आणि समोरची रुंद होते. फिल्टरच्या भरडीला फट मोठी असल्यामुळे थोडा तिरकेपणा खपून जातो, पण एस्प्रेसोच्या भरडीला तोच तिरकेपणा फटीचा मोठा हिस्सा होऊन बसतो. अशा ग्राइंडरचे दळण पसरट होते, म्हणजे ज्या गुणासाठी फ्लॅट बर घेतले तोच नाहीसा होतो.

तपासणी सोपी आहे. वीजजोडणी काढा, बर उघडून ब्रशने स्वच्छ करा आणि बाहेरच्या सपाट पट्टीवर, दातांच्या अगदी टोकाशी, व्हाइटबोर्डच्या मार्करने सलग रेघ ओढा. शाई वाळली की बर परत बसवा आणि हाताने फिरवत हळूहळू फट कमी करत जा. धातू धातूला लागल्याची किरकिर ऐकू आली की थांबा, आणखी एक-दोन फेरे हाताने द्या आणि पुन्हा उघडा. शाई पट्टीभर सारखी पुसली गेली असेल तर बर समांतर आहेत. केवळ एका कमानीत पुसली गेली असेल तर तीच बाजू उंच आहे. मग समोरच्या बाजूला, बरच्या पाठीमागे, स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा ठेवून तीच तपासणी पुन्हा करायची. एक तुकडा पुरला नाही तर दुसरा. स्क्रू आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, नाहीतर फॉइलची मेहनत वाया जाते. त्याआधी बरच्या बैठकीत जुनी पूड अडकलेली नाही ना, ते पाहावे; मी उघडलेल्या कित्येक ग्राइंडरांचा तिरकेपणा नुसत्या स्वच्छतेने गेला आहे.

कोनिकल हातग्राइंडरमध्ये ही मार्करची युक्ती तितकीशी चालत नाही. तिथे भरड फिल्टरला लावा, दांडा धरून आस आडवा हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग पाहून घ्या. आणि अवंतीताई, दळताना ग्राइंडर थोडा तिरका धरून पाहा. बिया बरमध्ये हळूहळू पडतात, गर्दी कमी होते आणि पूडही थोडी घटते. भरड मात्र किंचित जाड होते, ती पुन्हा जुळवावी लागेल.

अवंती_स

मार्करची तपासणी केली. शाई पट्टीच्या तीन चतुर्थांश भागावरून पुसली गेली, म्हणजे बर अगदी बिनचूक नसले तरी वाईटही नाहीत. ग्राइंडर दुसऱ्याचा असल्यामुळे फॉइलला हात लावला नाही.

ग्राइंडर तिरका धरून दळल्यावर कोनिकलचा कोरडेपणा कमी झाला, पण गेला नाही. म्हणून शेवटी पूड चाळून काढली. ३०० मायक्रॉनांच्या चाळणीतून जे खाली गेले ते बाजूला ठेवले आणि वर राहिलेल्यातले १५ ग्रॅम घेतले. पाणी अडीच मिनिटांतच उतरले. कोरडेपणा पूर्णपणे गेला, कप आरशासारखा स्वच्छ झाला, पण तो मला आवडला नाही. मध्ये काहीतरी पोकळ लागते, गोडीला आधार उरत नाही. भरड आणखी बारीक करून टीडीएस वर आणला तरी ही पोकळी पुरती भरून आली नाही. आणि गंमत म्हणजे हा कप फ्लॅटच्या कपासारखा लागत नाही. पुडीचे प्रमाण हेच दोन बरांमधल्या फरकाचे एकमेव कारण असते, तर पूड काढल्यावर दोन्ही कप जुळायला हवे होते, असे मला वाटते.

जुना_कारागीर

तुमच्या चाळणीने दोन गोष्टी घडल्या. एक तर ३०० मायक्रॉनांखाली केवळ पूड नसते, लहान भरडही असते. तुम्ही मोठ्या कणांच्या उंचवट्याची एक बाजूच कापून टाकली. दुसरे, पुडीचा काही भाग स्थिर विजेमुळे मोठ्या कणांना चिकटून वरच राहतो, त्यामुळे जे काढले ते पूर्ण पूड नाही आणि जे राहिले ते पूडविरहित नाही. शिवाय मोठ्या कणांची मापे कोनिकलमध्ये जितकी पसरलेली होती तितकीच वरच्या अंगाला अजूनही पसरलेली आहेत. ८०० आणि १,२०० मायक्रॉनांचे कण एकाच थरात असतील तर पूड काढली तरी ते एकाच वेगाने रिकामे होणार नाहीत. फ्लॅटच्या कपाशी न जुळण्याचे मला दिसणारे कारण हे आहे.

जमल्यास चाळलेल्या पुडीपैकी निम्मी परत मिसळून पाहा आणि भरड तीच ठेवा. गोडीचा आधार परतला आणि कोरडेपणा मात्र परतला नाही, तर थोडी पूड कपाला हवीच असते हे दिसेल.

चव_संशयी

आणि तेव्हाही कृपया तीन कपांचीच परीक्षा घ्यावी. पूड परत मिसळलेली आहे हे माहीत असताना गोडी परतलेली लागणे फार सोपे आहे.

अवंती_स

तसेच करते. कप घरचेच मांडतील आणि कोणत्या कपात पूड मिसळली आहे ते मला शेवटी सांगतील. ही पूड बाटलीत बंद करून ठेवली आहे, पण तिचा गंध लवकर उतरतो आहे असे दिसते, त्यामुळे ताजी चाळून घ्यावी लागेल. आकडे आले की इथेच देते.

निवांत_सकाळ

पाच मिनिटे थांबून ओतले. तळाचा गाळ निम्म्याहून कमी झाला. कडूपणा आहे तसाच आहे, पण तो बहुधा भाजणीचा असावा. तूर्तास नवीन ग्राइंडर घेत नाही.